दोन बलांची किंवा वेगांची बेरीज: कोन नक्की कुठला घ्यायचा?

एका बिंदूवर ५० न्यूटनचं एक आणि ३० न्यूटनचं दुसरं अशी दोन बलं लागतात. दोघांमधला कोन ६०° आहे. परिणामी बल किती? हा प्रश्न सोडवलेल्या वह्या मी बरीच वर्षं तपासतो आहे आणि त्यात फिरून फिरून तीनच उत्तरं सापडतात: ८०, ७० आणि ४४ च्या आसपास. ८० लिहिणाऱ्याने नुसते आकडे मिळवलेले असतात, दिशेकडे पाहिलेलंच नसतं. ही चूक दाखवली की लगेच पटते. पण ४४ लिहिणाऱ्याची आकृती स्वच्छ असते, पट्टी नीट लावलेली असते, प्रमाणही बरोबर असतं. तरी उत्तर चुकतं, कारण त्याने ६०° चा कोन भलत्याच जागी मोजलेला असतो. बरोबर उत्तर ७० न्यूटन आहे.

हे एकच उदाहरण घेऊन दोन्ही पद्धती पाहू. शेवटी विशालकोनाचं एक उदाहरण आणि होडीचं एक, कारण तिथे नेमक्या वेगळ्या चुका होतात.

## टप्पा १: पट्टी हातात घेण्याआधी

आधी स्वतःला विचारा, या दोन राशींची बेरीज करता येते का? बल बलातच मिळवायचं, वेग वेगातच, आणि एककंही सारखी हवीत. एक वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि दुसरा सेकंदाला मीटरमध्ये असेल तर आकृती काढण्यापूर्वीच एक बदलून घ्या. दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागणारी हवीत आणि त्यांच्या रेषा वाढवल्यावर एका बिंदूत मिळायला हव्यात. वेगांची अट वेगळी आहे, ती होडीच्या वेळी पाहू.

मग हाताने, पट्टीशिवाय, एक कच्ची आकृती काढा. दोन बाण, मधला कोन अंदाजाने, आणि परिणामी बाण साधारण कुठे जाईल याची तुटक रेघ. पुढे नीट काढलेली आकृती या कच्च्या आकृतीशी जुळली नाही, तर कुठेतरी कोन उलटा मोजला गेलाय हे तिथल्या तिथे कळतं. बहुतेक जण ही पायरी गाळतात, म्हणून ती मी मुद्दाम करायला लावतो.

आता प्रमाण ठरवा. १ सेमी = १० न्यूटन घेतलं तर बाण ५ सेमी आणि ३ सेमीचे होतात, आणि मोजताना एका मिलिमीटरची चूक थेट १ न्यूटनची होते. त्यापेक्षा १ सेमी = ५ न्यूटन घ्या. बाण १० सेमी आणि ६ सेमीचे होतील, एका मिलिमीटरची चूक अर्ध्या न्यूटनवर येईल आणि आकृती वहीच्या पानात आरामात बसेल. हे प्रमाण पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन्ही बाणांना एकच प्रमाण.

तपासा: उत्तर कोणत्या मर्यादेत येणार हे आत्ताच सांगता येतं. दोन्ही बलं एकाच दिशेला असती तर ८०, अगदी विरुद्ध असती तर २०. परिणामी बल या दोन आकड्यांच्या बाहेर कधीच जाणार नाही. इथे कोन लघुकोन आहे, म्हणजे आणखी नेमकं सांगता येतं. काटकोन असता तर उत्तर √(५०² + ३०²), म्हणजे ५८.३ आलं असतं. कोन त्याहून लहान आहे, म्हणून उत्तर ५८.३ पेक्षा मोठंच हवं. ४४ इथेच बाद होतं.

## टप्पा २: दोन बलांमधला कोन म्हणजे कोणता कोन

प्रत्येक बाणाला एक शेपूट असतं आणि एक टोक. दोन बलांमधला कोन म्हणजे दोन्ही शेपटं एकाच बिंदूवर ठेवल्यावर बाणांमध्ये दिसणारा कोन. संपूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

गफलत कुठे होते? समजा, एक बल वस्तूला दोरीने ओढतं आणि दुसरं काठीने ढकलतं. ओढणारा बाण वस्तूपासून निघून बाहेर जातो, पण ढकलणारा बाण बाहेरून येतो आणि त्याचं टोक वस्तूला टेकलेलं असतं. चित्रात दोरी आणि काठी यांच्यामधला कोन १२०° दिसला, तर तो बलांमधला कोन नव्हे. ढकलणारा बाण त्याच्याच रेषेवरून पुढे सरकवा, शेपूट वस्तूवर येईपर्यंत. आता कोन मोजला तर तो ६०° भरतो. बल आपल्या रेषेवर पुढे-मागे सरकवलं तरी परिणामी बल बदलत नाही, त्यामुळे असं करायला पूर्ण मुभा आहे.

सावधान: कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि ६० व १२० हे एकाच रेघेवर लिहिलेले असतात. ज्या बाजूच्या शून्यापासून मोजायला सुरुवात केली, त्याच ओळीतले आकडे शेवटपर्यंत वाचा. खूण केल्यावर नजरेने पाहा: ६०° चा कोन काटकोनापेक्षा लहान दिसलाच पाहिजे.

## टप्पा ३: त्रिकोण पद्धत

इथे पहिला बाण जिथे संपतो, तिथून दुसरा सुरू होतो.

1. O या बिंदूपासून आडवी OA ही १० सेमीची रेघ काढा. A पाशी बाणाचं टोक करा. हे ५० न्यूटनचं बल.
2. OA ही रेघ A च्या पुढे पाचसहा सेंटिमीटर तुटक वाढवा आणि तिच्या शेवटाला X म्हणा. ही तुटक रेघ टाळू नका.
3. कोनमापकाचं केंद्र A वर ठेवा आणि ६०° चा कोन AX पासून मोजा. त्या दिशेने ६ सेमीची AB काढा, B पाशी टोक करा. हे ३० न्यूटनचं बल.
4. O आणि B जोडा, टोक B पाशी करा. OB हे परिणामी बल.
5. OB मोजा. १४ सेमी येईल, म्हणजे १४ × ५ = ७० न्यूटन. कोन AOB मोजा, तो २२° च्या जवळ भरेल.

चुकीचं मूळ तिसऱ्या पायरीत आहे. तुटक रेघ नसेल तर A पाशी डोळ्यांना एकच रेघ दिसते, मागे जाणारी AO. मग हात आपोआप तिच्यापासून ६०° मोजतो. तसा त्रिकोण काढला की तिसरी बाजू ८.७ सेमी येते, म्हणजे ४३.६ न्यूटन. तेच ते ४४. ही त्या दोन बलांची बेरीज नसून वजाबाकी आहे. शेपटं जुळवून मोजलेला ६०° चा कोन त्रिकोणाच्या आत शिरत नाही. तो A च्या बाहेरच्या बाजूला असतो आणि त्रिकोणाच्या आत उरतो तो १८०° − ६०° = १२०°.

तपासा: A पाशी त्रिकोणाच्या आतला कोन मोजा. १२०° आला तरच पुढे जा. शंका राहिली तर तीच बेरीज उलट्या क्रमाने करा: आधी ६ सेमीचा बाण, मग त्याच्या टोकापासून १० सेमीचा. दोन्ही वेळा दोन्ही बाणांच्या मूळ दिशा कायम ठेवा. OB तीच आली पाहिजे, लांबीनेही आणि दिशेनेही.

सावधान: परिणामी बाण पहिल्याच्या शेपटापासून शेवटच्याच्या टोकाकडे जातो. तिन्ही बाण एकामागोमाग गोल फिरताना दिसले, तर तुम्ही तिसऱ्या बाणाचं टोक B ऐवजी O पाशी केलं आहे. ते परिणामी बल नाही, ते संतुलक बल, म्हणजे पहिल्या दोघांना तोलून धरणारं. आकडा तोच, दिशा नेमकी उलटी. आकडा बरोबर येत असल्यामुळे ही चूक सहज नजरेतून सुटते.

## टप्पा ४: समांतरभुज चौकोन पद्धत

इथे दोन्ही बाण एकाच बिंदूपासून निघतात, म्हणून दिलेला कोन जसाच्या तसा मोजता येतो. तुटक रेघेची भानगडच नाही. बलांच्या उदाहरणात मला ही पद्धत जास्त आवडते, कारण बाण प्रत्यक्षात जिथे लागतात तिथेच राहतात.

1. O पासून १० सेमीची OA काढा. O पाशी OA पासून ६०° मोजून ६ सेमीची OC काढा.
2. कंपासात १० सेमी अंतर घ्या, टोक C वर ठेवा आणि कंस मारा.
3. कंपासात ६ सेमी अंतर घ्या, टोक A वर ठेवा आणि पहिल्या कंसाला छेदा. AC या रेषेच्या पलीकडे, म्हणजे O च्या विरुद्ध बाजूला जो छेदनबिंदू मिळेल तो B.
4. AB आणि CB तुटक काढा. OB हा कर्ण जोडा, टोक B पाशी.
5. OB मोजा: १४ सेमी, म्हणजे ७० न्यूटन. कोन AOB पुन्हा २२° च्या आसपास.

दुसऱ्या-तिसऱ्या पायरीत अंतरांची अदलाबदल होते. A वरून १० सेमी आणि C वरून ६ सेमी घेतले, तरीही कंस छेदतात आणि चौकोन तयार होतो. म्हणून कुणाला संशय येत नाही. पण तो चौकोन पतंगाच्या आकाराचा असतो. त्याचा कर्ण ११.९ सेमी भरतो आणि उत्तर ५९.६ न्यूटन येतं, जे पहिल्या टप्प्यातल्या ५८.३ च्या तपासणीतूनही निसटतं. इथे आकड्यावर विसंबू नका, आकार पाहा. गुण्याची कड OC ला लावा, गुण्याची दुसरी कड पट्टीला टेकवा, पट्टी घट्ट धरा आणि गुण्या सरकवत AB पर्यंत न्या. कड AB वर तंतोतंत बसली तर चौकोन समांतरभुज आहे.

दुसरी चूक कर्ण निवडण्यात होते. चौकोनाला दोन कर्ण असतात, OB आणि AC. परिणामी बल दोन्ही शेपटं जिथे आहेत त्या O मधून निघणाऱ्या कर्णावर असतं. AC मोजलात तर ८.७ सेमी मिळेल आणि पुन्हा ४४ पदरात पडेल. “लांब कर्ण घ्यायचा” असा नियम काही जण पाठ करतात. तो इथे चालतो, पण सहाव्या टप्प्यात तोच दगा देईल.

## टप्पा ५: गणिताने परिमाण आणि दिशा

आकृतीतून आलेलं उत्तर गणिताने ताडून पाहायचं. सूत्र पाठ असलं तरी आधी ते आकृतीत कुठे बसतं ते बघा. B पासून OA च्या वाढवलेल्या भागावर लंब टाका, त्याच्या पायाला D म्हणा. आता ३० न्यूटनच्या बलाचे दोन भाग पडले: OA च्या दिशेने AD = ३० cos ६०° = १५ आणि तिला लंब BD = ३० sin ६०° = २६, अगदी नेमकं २५.९८. म्हणजे OD = ५० + १५ = ६५. OBD हा काटकोन त्रिकोण आहे, तेव्हा OB² = ६५² + २५.९८² = ४२२५ + ६७५ = ४९००, म्हणून OB = ७०. दिशेसाठी tan α = २५.९८ ÷ ६५ = ०.४, म्हणून α = २१.८°.

हेच अक्षरांत लिहिलं की सूत्रं मिळतात:

```
R² = P² + Q² + 2PQ cos θ
tan α = Q sin θ / (P + Q cos θ)
```

यात P आणि Q ही दोन बलं, R हे परिणामी बल, θ म्हणजे शेपटं जुळवून मोजलेला कोन, आणि α हा परिणामी बलाने P शी केलेला कोन. त्रिकोणाच्या कोसाइनच्या नियमात मधलं चिन्ह वजा असतं, इथे अधिक का? तिथे त्रिकोणाच्या आतला १२०° घेतात, इथे ६०°, आणि cos १२०° हा cos ६०° च्या उलट चिन्हाचा आहे. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत. फक्त एकाचं चिन्ह आणि दुसऱ्याचा कोन अशी सरमिसळ करायची नाही.

सावधान: कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना? तो रेडियनवर राहिला तर cos ६० = −०.९५ दाखवेल आणि R चं उत्तर २३.३ येईल. हा आकडा २० आणि ८० च्या मध्येच पडतो, त्यामुळे पटकन खटकत नाही. पण लघुकोनाला ५८.३ पेक्षा कमी उत्तर येऊच शकत नाही, हे आपण आधीच पाहिलं आहे.

दिशा लिहिताना नुसतं “२२°” लिहू नका. कशापासून आणि कोणत्या बाजूला, दोन्ही हवं. पूर्ण उत्तर असं: परिणामी बल ७० न्यूटन, ५० न्यूटनच्या बलापासून २१.८° वर, ३० न्यूटनच्या बलाच्या बाजूला. ताळा करायचा तर ३० न्यूटनच्या बलाशी होणारा कोन ६०° − २१.८° = ३८.२° येतो. परिणामी बाण नेहमी मोठ्या बलाकडे जास्त झुकतो आणि इथे तो ५० च्या जवळ आहे.

## टप्पा ६: कोन ९०° पेक्षा मोठा असेल तर

आता ३० आणि ८० न्यूटन घ्या, मधला कोन १२०°. प्रमाण १ सेमी = १० न्यूटन पुरेल. OA ३ सेमीची आडवी, OC ८ सेमीची, डावीकडे कललेली. चौकोन पुरा केल्यावर OB ७ सेमी येते, म्हणजे ७० न्यूटन, तर AC हा दुसरा कर्ण जवळजवळ ९.८ सेमीचा. म्हणजे इथे परिणामी बल आखूड कर्णावर आहे. शिवाय ७० हे ८० पेक्षा कमी आहे. विशालकोनात असं होऊ शकतं, दचकून आकृती खोडू नका.

खरा सापळा दिशेत आहे. OA च्या दिशेचा भाग ३० + ८० cos १२०° = ३० − ४० = −१०, लंब भाग ६९.३. tan α = −६.९३, आणि कॅल्क्युलेटर म्हणतो −८१.८°. वजा चिन्ह पुसून ८१.८° लिहिणारे पुष्कळ भेटतात. आकृती पाहा: लंबाचा पाया O च्या डावीकडे पडला आहे, म्हणजे परिणामी बाण उभ्या रेषेच्या डावीकडे कललेला आहे. तेव्हा कोन ९०° पेक्षा मोठाच हवा. छेद वजा आला की कॅल्क्युलेटरच्या उत्तरात १८०° मिळवायचे: १८०° − ८१.८° = ९८.२°. sin वापरलात तरी कॅल्क्युलेटर ८१.८° च सांगेल, तेही वजा चिन्हाशिवाय. म्हणून मी दिशेसाठी tan च वापरतो. तो निदान वजा चिन्हाने सावध करतो.

तपासा: ८० न्यूटनच्या बलाशी कोन १२०° − ९८.२° = २१.८°. बाण मोठ्या बलाकडे झुकला आहे, दिशा पटते. ८१.८° धरलं असतं तर हा कोन ३८.२° आला असता आणि आकृतीशी जुळला नसता.

## टप्पा ७: वेग, आणि परिणामी बाणाची दिशाच आधी दिलेली असेल तेव्हा

वेगांच्या बेरजेत साखळी जुळावी लागते. “पाण्याच्या सापेक्ष होडीचा वेग” आणि “काठाच्या सापेक्ष पाण्याचा वेग” यांची बेरीज होते, कारण पाणी हा दुवा दोन्हींत आहे. मिळतो तो काठाच्या सापेक्ष होडीचा वेग. काठावरून मोजलेला होडीचा वेग घेऊन त्यात पुन्हा प्रवाह मिळवलात, तर प्रवाह दोनदा मोजला जातो. म्हणून प्रत्येक बाणावर आकड्याबरोबर “कशाच्या सापेक्ष” हेही लिहा. वेगांना त्रिकोण पद्धत सोयीची पडते.

स्थिर पाण्यात होडीचा वेग सेकंदाला ५ मीटर, प्रवाहाचा ३ मीटर, नदीची रुंदी १२० मीटर.

नाक सरळ समोर धरलं तर: दोन बाण काटकोनात. परिणामी वेग √(२५ + ९) = ५.८३ मीटर प्रति सेकंद, समोरच्या दिशेपासून ३१° प्रवाहाकडे. पलीकडे जायला वेळ किती? १२० ÷ ५.८३ करू नका, कारण १२० मीटर हे अंतर तिरक्या वाटेचं नाही. समोरच्या दिशेने फक्त ५ हाच वेग आहे, म्हणून वेळ २४ सेकंद, आणि तेवढ्यात होडी ३ × २४ = ७२ मीटर वाहत जाते. ताळा: तिरकी वाट साधारण १४० मीटरची, आणि १४० ÷ ५.८३ = २४.

अगदी समोरच पोहोचायचं असेल तर: आता परिणामी बाणाची दिशा ठरलेली आहे, होडीच्या नाकाची नाही. इथे ५ आणि ३ काटकोनात ठेवणं हीच नेहमीची चूक. आकृती अशी काढा, प्रमाण १ मीटर प्रति सेकंद = २ सेमी:

1. O पासून पलीकडच्या काठाकडे एक लांब तुटक सरळ रेघ काढा. परिणामी बाण हिच्यावरच पडणार आहे.
2. O पासून प्रवाहाच्या दिशेने ६ सेमीची OA काढा.
3. कंपासात १० सेमी घ्या, A वर टोक ठेवून तुटक रेघेला B मध्ये छेदा.
4. AB ही नाक धरायची दिशा, OB हा परिणामी वेग.

OB ८ सेमी भरेल, म्हणजे ४ मीटर प्रति सेकंद. नाक सरळ समोरपासून ३६.९° प्रवाहाच्या विरुद्ध धरायचं, आणि वेळ लागेल १२० ÷ ४ = ३० सेकंद. होडीचा स्वतःचा वेग इथे कर्णावर आला आहे, म्हणून परिणामी वेग त्याच्याहून कमी.

तिसऱ्या पायरीत कंस तुटक रेघेपर्यंत पोहोचलाच नाही, तर आधी प्रमाण आणि कंपास तपासा. दोन्ही बरोबर असतील तर होडीचा वेग प्रवाहापेक्षा कमी आहे, आणि अशी होडी नाक कुठेही वळवलं तरी अगदी समोर लागू शकत नाही.